पाणी त्यांच्याच डोळ्यांतलं

२०२४ च्या जुलैत कोल्हापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची रेषा पुन्हा ओलांडली आणि आमच्या तालमीत पाणी शिरलं. २०१९ इतकं नव्हतं, पण हौद्यातली माती जायला तेवढं पुरलं. तालमीची माती शेतातून आणून ओतली असं होत नाही. तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर घालायचा, रोज पहाटे खोऱ्यानं उकरायची, पोरांनी तिच्यात घाम गाळायचा, तेव्हा कुठं ती अंगाला मऊ लागायला लागते. पुराचा गाळ एकदा मिसळला की सगळी काढून टाकावी लागते. शिवाय मागच्या भिंतीला ओल धरलेली, पत्रे कुजलेले. पोरांनी हिशोब मांडला तो दोन लाखांच्या वर गेला.

वस्ताद तेव्हा दवाखान्यात होते. छातीत कफ साठलेला, वय शहात्तर, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलेली. तालमीतला एक पोरगा माझ्याकडं आला. इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे, वस्तादांवर जीव आहे. म्हणाला, "दादा, वस्तादांची मुलाखत हाय न्हवं तुमच्याकडं? तालमीसाठी आवाहन करायचंय."

मुलाखत होती. मी वीस वर्षं लग्नाबारशाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. २०२२ साली राजर्षी शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी होती. महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली सुरू झालं, त्या मैदानावर लढलेल्या जुन्या मल्लांच्या आठवणी गोळा करून एक छोटी फिल्म करायची मी मनावर घेतलं होतं. वस्तादांच्या घरी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, सदऱ्याला कॉलर माईक लावला आणि पन्नास मिनिटं त्यांना बोलतं केलं. सुरुवातीला त्यांनी एकच विचारलं, "हे कशाला वापरणार?" मी म्हणालो, "शाहू महाराजांच्या कार्यक्रमाला." ते म्हणाले, "मग बोलतो." आमच्यात झालेला करार तेवढाच.

दोन वर्षांनी मी ती पन्नास मिनिटं पेन ड्राइव्हवर घालून त्या पोराला दिली. मला वाटलं, तो दोनचार वाक्यं कापून खाली बँकेचा नंबर टाकील. तेही वस्तादांना विचारूनच करायला हवं होतं, पण मी तेवढाही विचार केला नाही. काम तालमीचं होतं, चांगलं होतं, आणि मी घाईत होतो. हे लिहायला मला सोपं जात नाहीये, पण माझा वाटा सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचा मला हक्क नाही.

चार दिवसांनी एक मिनिट दहा सेकंदांचा व्हिडिओ फिरायला लागला. वस्ताद नेहमीच्या खुर्चीत बसलेत. मोडलेले कान, पांढऱ्या मिशा, मागं हनुमानाचा फोटो. ते सांगतात की तालमीत पाणी आलं, माती गेली, पोरं रस्त्यावर जोर काढतायत. आजवर कुणाकडं काही मागितलं नाही, पण आज मागतोय, जमेल तेवढं द्या. शेवटच्या वाक्याला त्यांचे डोळे भरून येतात.

आठ दिवसांत दोन लाख अडतीस हजार रुपये जमले. एकशे चौसष्ट माणसांनी दिले. पुण्यात, मुंबईत, आखातात पांगलेल्या जुन्या पोरांनी दिले. ज्यांचा तालमीशी काही संबंध नाही अशांनीही दिले. पैसा वहीत पै न् पै लिहिला गेला. माती आली, पत्रे बसले. एकानंही त्यातला रुपया खाल्ला नाही.

म्हणूनच मला हे लिहायचंय. डीपफेक हा शब्द २०१७ च्या अखेरीस रेडिट या संकेतस्थळावरच्या एका टोपणनावावरून आला, आणि त्या माणसाचा उद्योग होता चित्रपटातल्या नट्यांचे चेहरे अश्लील चित्रफितींवर चिकटवण्याचा. तेव्हापासून या विषयावर बोलताना आपल्यासमोर बदनामी, अश्लीलता आणि पैशाची फसवणूक हीच तीन चित्रं येतात. ती खरीच आहेत आणि भयंकर आहेत. पण आमच्या व्हिडिओत यातलं काहीच नव्हतं. वस्तादांची बदनामी नव्हती, उलट त्यांचा मान वाढला. पैसा सांगितला त्याच कामाला लागला. माती खरीच गेली होती. मग वाईट झालं ते नेमकं काय? हा प्रश्न गेलं वर्षभर माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी तो व्हिडिओ झाला कसा ते सांगतो, कारण उत्तराचा बराचसा भाग त्यातच दडलाय.

पोरानं माझ्या मुलाखतीतून आवाज वेगळा काढला. आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांना आता चार-पाच मिनिटं पुरतात, काहींना काही सेकंदही पुरतात. इथं तर शांत खोलीतला, कॉलर माईकवरचा, एकाच माणसाचा पन्नास मिनिटांचा आवाज होता. चांगलं रेकॉर्डिंग व्हावं म्हणून मी बंद केलेला पंखा त्याच्या कामाला आला. आवाज चढवताना त्या संकेतस्थळानं एक चौकट दाखवली. हा आवाज वापरायची परवानगी माझ्याकडे आहे, अशा अर्थाचं वाक्य आणि पुढं खूण करायची जागा. पोरानं खूण केली. यंत्राला संमती मिळाली. ज्याचा आवाज, तो त्या क्षणी दवाखान्यात सलाइन लावून झोपलेला होता.

मग त्यानं मजकूर टाइप केला आणि यंत्रानं तो वस्तादांच्या आवाजात वाचला. पुढचं काम ओठांचं. यासाठीची वेव्हटूलिप नावाची एक पद्धत २०२० साली हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी मांडली, आणि आज फोनवर मिळणारी बरीच साधनं त्याच कल्पनेवर चालतात. कल्पना अशी की, खरा व्हिडिओ घ्यायचा, प्रत्येक चित्रात चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग झाकायचा आणि नव्या आवाजाला जुळेल असं तोंड तिथं नव्यानं रंगवायचं. नाकाच्या वर काही करायचं नाही. कपाळ, भुवया, डोळे, मान हलवायची लकब, मांडीवरचा हात, सगळं मूळचंच राहतं.

म्हणजे त्या व्हिडिओत खोटं होतं ते फक्त मिशीपासून हनुवटीपर्यंत. डोळ्यांत आलेलं पाणी वस्तादांचंच होतं.

ते पाणी कधीचं आहे हे मला पाहताक्षणी कळलं. मुलाखतीच्या एकेचाळिसाव्या मिनिटाला ते आपल्या वस्तादांच्या अखेरच्या दिवसाबद्दल बोलले होते. कॅमेऱ्यामागं मीही तेव्हा डोळे पुसले होते. पोरानं पन्नास मिनिटं चाळून नेमका तोच तुकडा उचलला, कारण आवाहनाला तोच शोभत होता. त्याला दुःख हवं होतं, आणि दुःख तयार होतं. त्यानं फक्त दुःखाचं कारण बदललं.

खोटं ओळखायच्या खुणा होत्या, आणि त्या अजूनही बऱ्याच व्हिडिओंत सापडतात. प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण. हे उच्चारताना माणसाचे ओठ मिटावेच लागतात. व्हिडिओचा वेग कमी करून पाहिलं तर "पाणी", "माती", "मागतोय" म्हणताना वस्तादांचे ओठ पुरते मिटत नव्हते. मिशीचे केस ओठांवर येतात तिथं कडा धूसर होत होती. दात वेगवेगळे दिसायच्या ऐवजी एक पांढरी पट्टी दिसत होती, आणि वस्तादांचा पुढचा एक दात तर चाळीस वर्षांपूर्वीच पडलाय. हात एका वाक्याला उठत होता आणि जोर दुसऱ्याच शब्दावर येत होता. पण हे सगळं माझ्या मोठ्या पडद्यावर. व्हॉट्सअॅपवरून चार वेळा पुढं गेलेल्या, दाबून बारीक झालेल्या व्हिडिओत कडा सगळ्याच धूसर असतात. आणि साधनं दर सहा महिन्यांनी सुधारतायत. या खुणांवर भरवसा ठेवून बसणं शहाणपणाचं नाही.

वस्तादांच्या घरच्या काकूंना यातली एकही खूण माहीत नव्हती. दवाखान्यातून घरी आल्यावर कुणीतरी त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो एकदाच पाहिला आणि म्हणाल्या, "हे न्हवंत. हे दमच खाईनात." खरं होतं. वस्ताद दोन वाक्यांच्या मध्ये एवढं थांबतात की नवख्याला वाटावं बोलणं संपलं. यंत्रानं मजकूर सरळ वाचून टाकला होता. एकशे चौसष्ट जणांना जे दिसलं नाही ते काकूंना मधल्या शांततेवरून कळलं.

वस्तादांना आम्ही दोघांनी जाऊन सांगितलं. पोरगा रडत होता. वस्ताद रागावले नाहीत, निदान आवाज चढवला नाही. बराच वेळ थांबून म्हणाले, "तालमीचं काम झालं, चांगलं झालं. पण शब्द मी टाकला न्हाई. तुमी टाकलासा. आता मला टाकायची येळ आली तर मी कुठनं आणू?"

मराठीत शब्द या शब्दाचे जे अर्थ आहेत त्यांनी मला या प्रकरणात कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त शिकवलं. आपण शब्द देतो, शब्द पाळतो, शब्दाला जागतो. कुणाच्या तरी शब्दाखातर काम करतो. आणि शब्द टाकतो, म्हणजे आपली सगळी पत पणाला लावून कुणाकडं काहीतरी मागतो. ही पत साठवावी लागते आणि वापरली की कमी होते. वस्तादांनी आयुष्यात एकदाच शब्द टाकला होता, एका पोराचा मणका मोडला तेव्हा, ऑपरेशनसाठी. त्याला पस्तीसेक वर्षं झाली. त्यानंतर त्यांनी तालमीसाठी सरकारी मदत मागितली नाही, पुढाऱ्याच्या दारात गेले नाहीत, स्वतःच्या मोतीबिंदूच्या वेळीही पोरांना कळू दिलं नाही. तो एक शब्द सोडला तर "आजवर कुणाकडं काही मागितलं नाही" हे व्हिडिओतलं वाक्य अगदी खरं होतं. ते वाक्य लिहिणाऱ्या पोराला त्याची किंमत ठाऊक होती, म्हणून तर त्यानं ते वापरलं. आणि ते बोललं गेलं त्या क्षणी ते खोटं झालं.

मी त्यांना विचारलं, "वस्ताद, आम्ही विचारलं असतं तर?"

ते म्हणाले, "कुणाला ठावं. हो म्हणलो असतो. न्हाई बी म्हणलो असतो. आता ते मलाबी कळायचं न्हाई."

या उत्तरापाशी मी अनेक रात्री अडकलो. संमती म्हणजे काय हे आपण बहुतेक वेळा असं धरून चालतो की माणसाच्या मनात हो किंवा नाही आधीपासून तयार असतं आणि विचारणं ही ते बाहेर काढायची रीत. मग ज्याला आपण नीट ओळखतो त्याचं उत्तर आपल्यालाच ठाऊक आहे असं वाटतं. "वस्ताद नाही थोडेच म्हणणार" हे त्या पोराचं वाक्य होतं, आणि त्यात लबाडी नव्हती, प्रेम होतं. पण वस्तादांच्या मनात उत्तर तयार नव्हतंच. कुणी समोर बसून विचारलं असतं, तर पस्तीस वर्षांचं व्रत एका बाजूला आणि रस्त्यावर जोर काढणारी पोरं दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांना ते घडवावं लागलं असतं. कदाचित व्रत मोडलं असतं, आणि ते मोडणं त्यांचं असतं. तो निर्णय त्यांच्या आयुष्यातला मोठा निर्णय झाला असता. आम्ही तो त्यांच्या हातून काढून घेतला, आणि असा काढून घेतला की आता तो परतही देता येत नाही.

तालमीची पत्रं पूर्वीही वस्ताद स्वतः लिहीत नसत. त्यांची शाळा चौथीपर्यंतची. चिटणीस मजकूर लिहायचे, शब्द चिटणिसांचे असायचे, खाली सही वस्तादांची. मग त्यात आणि यात फरक काय, असं पोरानं मला विचारलं, आणि प्रश्न चुकीचा नव्हता. फरक मला आठवला तो असा. चिटणीस पत्र वाचून दाखवायचे. वस्ताद डोळे मिटून ऐकायचे, मध्येच "हे काढा" म्हणायचे, कधी अख्खं पत्र बाजूला ठेवायला लावायचे. सहीच्या आधी ती पाच मिनिटं असायची. शब्द दुसऱ्यानं जुळवले तरी त्या पाच मिनिटांत ते वस्तादांचे होत. व्हिडिओत ती पाच मिनिटंच नव्हती.

गणेशोत्सवात तालमीची पोरं वस्तादांची नक्कल करतात, त्यांच्यासमोर करतात. ते पोट धरून हसतात. नकलेत नक्कल करणारा दिसत असतो. गळा त्याचा, घाम त्याचा, चुकली तर फजिती त्याची. लहानपणी आमच्या गल्लीत बहुरूपी यायचा. फौजदाराच्या वेशात दार वाजवायचा, वडिलांना चौकीवर चला म्हणून दरडावायचा, आई घाबरून आत पळायची. मग तोच हसून हात जोडायचा आणि बिदागी मागायचा. ज्याला फसवलं त्याच्याच डोळ्यांसमोर तो फसवणूक उतरवून ठेवायचा. ती उतरवणं हा त्याच्या कलेचा शेवटचा भाग होता, त्याशिवाय बिदागी नाही.

दुसरा शब्द आपल्याकडं आहे तो तोतया. १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते पडलेले फार थोड्यांनी पाहिले. काही वर्षांनी उत्तरेकडचा एक माणूस मीच भाऊ म्हणून उभा राहिला. त्याला पकडलं, वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं, तरी १७७६ साली तो सुटला तेव्हा कोकणातल्या लोकांनी, किल्ल्यांनी त्याला भाऊ मानलं. त्याच वर्षी त्याला पकडून देहदंड दिला गेला. त्याचा चेहरा किती जुळत होता यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. लोकांना भाऊ परत यायला हवे होते. पुण्यात पार्वतीबाई होत्या, ज्यांनी नवरा गेल्याचं अखेरपर्यंत मानलं नाही. तोतया शिरला तो अशा माणसांच्या आशेतून. आमचा व्हिडिओ चालला तोही याचसाठी. ज्यांनी कधी काही मागितलं नाही त्या वस्तादांनी एकदा तरी मागावं आणि आपण द्यावं, ही कित्येक जुन्या पोरांची मनातली इच्छा होती. गुरूचं देणं फेडायची संधी त्यांना मिळाली असं वाटलं. ती संधी खोटी होती.

इथं फसवणुकीची बाजू सुरू होते, आणि ती संमतीपेक्षा वेगळी आहे. समजा, वस्तादांनी परवानगी दिली असती. "मला बोलता येत नाही, तुम्ही माझ्या तोंडून बोलवा" असं म्हणाले असते. तर त्यांचा अपराध झाला नसता, पण पाहणाऱ्यांचा? २०२० च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या निवडणुकीत असं घडलेलं आहे. भाजपचे मनोज तिवारी यांचा एक व्हिडिओ पक्षाच्याच प्रचारासाठी हरयाणवी बोलीत करून घेतला गेला. मूळ व्हिडिओत ते वेगळं बोलले होते, ओठ आणि आवाज मागाहून बसवले. ज्याचा चेहरा त्याच्याच बाजूचं काम, त्यामुळं संमतीची तक्रार नाही. तरी ऐकणाऱ्या हरयाणवी माणसाला वाटलं असेल की हा आपली बोली बोलायचे कष्ट घेतोय. कुणी बाहेरचा माणूस येऊन आपल्याशी "काय म्हंतोय भावा" असं नीट बोलला की आपण का विरघळतो? शब्दांपेक्षा त्यामागच्या कष्टामुळं. ते कष्ट झालेच नव्हते.

आणि वस्तादांच्या डोळ्यांतलं पाणी तसंच. देणाऱ्यांना वाटलं ते मागताना आलं. खाली एक ओळ टाकली असती, "वस्ताद आजारी आहेत, त्यांचा आवाज व ओठ संगणकावर तयार केले आहेत", तर पाहणाऱ्यांची फसवणूक टळली असती. पैसे कमी जमले असते. ती ओळ का टाकली नाही, याचं पोराचं प्रामाणिक उत्तर होतं, "मग कुणी दिले नसते."

२०२३ च्या नोव्हेंबरात अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा लावलेला एक व्हिडिओ देशभर गाजला तेव्हा मी या गोष्टीकडं धंद्याच्या नजरेनं पाहिलं होतं, जोड कुठं दिसते का म्हणून. आता मला वेगळं आठवतं. लिफ्टमध्ये शिरणारं ते शरीर दुसऱ्याच एका तरुणीचं होतं, तिनं स्वतःचा म्हणून टाकलेल्या व्हिडिओतलं. चर्चा चेहऱ्याची झाली, ते योग्यच. पण त्या दुसरीचा चेहराच पुसला गेला होता, आणि तिचं चालणं, तिचं असणं दुसऱ्याच्या नावावर खपवलं गेलं होतं. वस्तादांच्या बाबतीत या दोन्ही जागी एकच माणूस होता. त्यांचं तोंड खोटं केलं आणि त्यांचेच डोळे त्या खोट्याचे साक्षीदार म्हणून उभे केले.

वस्ताद बोलायला लागल्यावर त्यांचं पहिलं म्हणणं होतं की खरं काय ते सगळ्यांना कळवायचं. मी कॅमेरा लावला. त्यांनी तीनच वाक्यं बोलली. तो व्हिडिओ त्याच ग्रुपांवर टाकला. अर्ध्या तासात पहिलं उत्तर आलं, "हाच खोटा दिसतोय." दुसऱ्यानं लिहिलं, तालमीत वाद झालेत, कुणीतरी वस्तादांच्या नावानं खोड्या करतंय. एकानं तर पुरावाही दिला, "वस्ताद एवढे थांबून थांबून बोलत नाहीत, आधीचा बघा."

बॉबी चेस्नी आणि डॅनिएल सिट्रॉन या दोन अमेरिकन कायदा अभ्यासकांनी २०१९ साली याला एक नाव दिलं होतं, खोटारड्याचा लाभांश. खोटे व्हिडिओ करता येतात हे सगळ्यांना कळलं, की खरोखर पकडला गेलेला माणूसही हात झटकून ते खोटं आहे म्हणू शकतो. आमच्याकडं लाभ कुणा खोटारड्याला झाला नाही, पण तोटा खऱ्या माणसाला झाला. वस्ताद स्वतः समोर येऊन मी बोलतोय म्हणत होते आणि त्यांची माणसं म्हणत होती, कशावरून?

त्या संध्याकाळी ते खचले. मागितल्याचं कळलं तेव्हा खचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही मागवली. एकशे चौसष्ट नावं. म्हणाले, "गावातल्यांच्या घरी जाऊ. भायेरच्यांना फोन लाव." त्यातली एकसष्ट घरं गावात होती. माझ्या स्कूटरवर मागं बसून, आठवड्यातले तीन दिवस, दम लागेल तेवढं, त्यांनी दोन महिने काढले. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, कसबा बावडा, उचगाव. प्रत्येक दारात तेच, "ते मी बोल्लो न्हवतो. पैशे पायजे असतील तर हे घ्या." खिशात त्यांची स्वतःची पेन्शन असायची. लोक ओशाळायचे, पाया पडायचे, चहा करायचे. पैसे कुणी घेईना.

राजारामपुरीत एकानं घेतले. पाचशे रुपये दिले होते त्यानं, मध्यमवयीन माणूस, तालमीत दोनच वर्षं होता. सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "वस्ताद, मी तुम्ही मागितलं म्हणून दिलं होतं. तालमीला द्यायचं का नाही ते मला बघायला लागेल." आणि नोट घेऊन खिशात घातली. मला राग आला. जिना उतरताना मी काहीतरी बोललो. वस्ताद थांबले, कठड्याला धरून दम खाल्ला आणि म्हणाले, "त्यो एकटाच माझ्याशी नीट वागला बघ."

तीन आठवड्यांनी त्या माणसानं तालमीत येऊन हौदा पाहिला, माती हातात घेऊन पाहिली आणि हजार रुपये दिले. पावती त्यानं तालमीच्या नावानं मागितली.

पोरगा अजून तालमीत येतो. वस्तादांनी त्याला येऊ नको म्हटलं नाही. काही महिने तो रोज पहाटे एकट्यानं माती उकरायचा, तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खोटा व्हिडिओ त्यानं स्वतःच्या फोनवरून, संगणकावरून पुसला. तो आजही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर पाऊस लागला की वर येतो. आवाजाची नक्कल त्या संकेतस्थळावरून काढून टाकायला त्याला बऱ्याच खटपटी कराव्या लागल्या, आणि ती खरंच गेली का, हे बघायला आमच्याकडं मार्ग नाही.

दिवाळीच्या सुमारास वस्ताद माझ्या स्टुडिओत आले. म्हणाले, "ती खरी मुलाखत दाव. त्यो तुकडा." मी एकेचाळिसावं मिनिट लावलं. पडद्यावर ते खुर्चीत होते, मागं हनुमान, हात मांडीवर. या खेपेला ओठ आणि डोळे एकाच माणसाचे होते. त्यांचं ते बोलणं असं:

"आमचं वस्ताद गेलं त्या दिवशी मी सकाळी त्यांच्याकडं गेलो. त्यांना बोलता येत न्हवतं. हातानं इचारलं, जेवलास का? मी न्हवतो जेवलो. पर म्हणलो, व्हय, जेवलो. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणलो. मी त्यांच्याशी जल्मात खोटं बोल्लो न्हवतो, आन् शेवटचं बोल्लो ते खोटं."

मग ते थांबले होते. बराच वेळ. मी तेव्हा कॅमेरा बंद केला नव्हता.